जळगावच्या दोन कंटेनर डब्यांवर दोन लाखांचं डिटेन्शन, म्हणजे डबा उशिरा परत केल्याचं भाडं. तारखा आमच्या बाजूने आहेत, तरी शिपिंग लाईन ऐकत नाही

चटईवाला_जळगाव (9 सप्टेंबर, रात्री 9:40)

नमस्कार मंडळी. जळगाव एमआयडीसीत आमचं चटईचं युनिट आहे. प्लास्टिकचा दाणा बहुतेक वेळा इथलाच घेतो, पण ऑगस्टमध्ये आखातातून पीपी दाण्याचे दोन चाळीस फुटी डबे मागवले होते. एका डब्यात 25 किलोच्या 990 गोण्या. भाडं पाठवणाऱ्याने भरलेलं, म्हणजे लाईन त्याने निवडलेली.

डबे 4 ऑगस्टला रात्री न्हावा शेवाला उतरले, 12 तारखेला सीएफएसमधून, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामातून, निघाले आणि 14 ला जळगावात पोचले. 15 ऑगस्टला हमाल नव्हते, दुसऱ्या दिवशी गोपाळकाला. 17 आणि 18 ला माल उतरवला. 19 ला रिकामे डबे परत पाठवले. गाड्या 20 ला संध्याकाळी लाईनने सांगितलेल्या यार्डावर पोचल्या, तर गेटवर सांगितलं जागा नाही. दोन्ही ट्रेलर डब्यासकट रस्त्यावर उभे. लाईनने दुसरं यार्ड दिलं 22 ला आणि डबे जमा झाले 23 ला सकाळी.

1 सप्टेंबरच्या तारखेचं बिल आलं. प्रत्येक डब्याचे 13 दिवस, 7 दिवस 60 डॉलरने आणि पुढचे 6 दिवस 100 डॉलरने. दोन डब्यांचे 2040 डॉलर. 88 रुपयांच्या दराने आणि 18 टक्के जीएसटी धरून 2,11,834 रुपये. फोन केला तर मुलगी म्हणते, "सर, सिस्टिममध्ये असंच आहे." पाठवणारा म्हणतो मी चौदा दिवस फ्री घेतले होते. आमचा पुढचा डबा 18 तारखेला लागतोय, आणि हे बिल भरल्याशिवाय त्याचा डीओ, म्हणजे माल सोडायचा लाईनचा आदेश, देणार नाही असं तोंडी सांगितलंय. या दाण्याच्या भावात आम्हाला किलोमागे दोन-तीन रुपये सुटतात. दोन लाख गेले तर सगळी खेप फुकट केल्यासारखी आहे. काय करावं?

नंदुरबार_मिरची (9 सप्टेंबर, रात्री 10:15)

भाऊ, सरळ सीएफएसच्या मॅनेजरला जाऊन भेटा. आमच्या एका डब्याचं डेमरेज त्यांनी निम्मं करून दिलं होतं. अर्ज दिला, कस्टम्सची तपासणी उशिरा झाल्याचा कागद लावला, आठवड्यात सवलत मिळाली.

पनवेलचा_चोपडेकर (9 सप्टेंबर, रात्री 11:05)

मिरचीवाले दादा, तुम्हाला मिळालं ते सीएफएसच्या आवारात माल पडून राहिल्याचं भाडं होतं. ते बिल वेगळं आणि ते सोडणारा माणूसही वेगळा. यांचं बिल लाईनचं आहे, डबा वापरल्याचं. सीएफएसवाल्याचा त्यात काही संबंध नाही, तो इच्छा असली तरी कमी करू शकत नाही.

चटईवाले भाऊ, मी मूळचा चोपड्याचा, गेली बावीस वर्षं पनवेलला कस्टम ब्रोकरचं काम करतो. तुमचं प्रकरण मला चांगलं वाटतंय, पण फोनवर भांडून काही होणार नाही. फोनवरची मुलगी तुमचं बिल बदलूच शकत नाही. आधी चार कागद काढा आणि जे दिसेल ते जसंच्या तसं इथे लिहा: बीएल म्हणजे जहाजाच्या मालपावतीची पुढची बाजू, अरायव्हल नोटीस, डीओ आणि डबा जमा केल्याची यार्डाची पावती, म्हणजे ईआयआर. बीएलवर मालाच्या वर्णनाच्या खाली फ्री दिवसांबद्दल काही टाईप केलंय का, आणि डीओवर कुठल्या तारखेपर्यंत व्हॅलिड लिहिलंय, या दोन गोष्टी मला पाहिजेत. शिवाय बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात हरकत घ्यायला किती दिवस दिलेत तेही बघा.

हिशोबनीस_भुसावळ (10 सप्टेंबर, सकाळी 8:20)

मला एक कळत नाही. मधे 15 ऑगस्ट आला, रविवार आले. सुट्टीचे दिवस मोजायचेच नसतात ना? ते काढले तर आपोआप तीन-चार दिवस कमी होतात. मुख्य म्हणजे लाईनशी यांनी करार कुठे केलाय? करार पाठवणाऱ्याने केला, पैसे त्याच्याकडून घ्यावेत.

पनवेलचा_चोपडेकर (10 सप्टेंबर, सकाळी 9:00)

हिशोबनीस, सुट्टीचं अर्धं बरोबर आहे. काही टॅरिफमध्ये कामाचे दिवस असं लिहिलेलं असतं, तिथे रविवार सुटतो. पण इथल्या बहुतेक लाईनच्या आयात टॅरिफमध्ये कॅलेंडरचे दिवस असतात. तसं असेल तर 15 ऑगस्ट असो की दिवाळी, मीटर चालू. हमाल आले नाहीत ही आपली अडचण, लाईनची नाही. तो मुद्दा पत्रात घातला तर बाकीचे खरे मुद्देही रडगाण्यासारखे दिसतात.

कराराचं म्हणाल तर बीएलच्या मागे "मर्चंट" कोण याची व्याख्या असते आणि त्यात माल घेणाराही येतो. बीएल देऊन डीओ घेतला, डबा घरी नेला, की त्या अटी आपल्याला लागू झाल्या. त्याची दुसरी बाजू आपल्या फायद्याची आहे. अटी आपल्याला लागू, तर त्याच बीएलवर लिहिलेली सवलतही आपलीच.

चटईवाला_जळगाव (10 सप्टेंबर, दुपारी 1:30)

चोपडेकर दादा, कागद काढले.

बीएलवर वर्णनाच्या खाली टाईप केलंय: "फोर्टीन डेज फ्री डिटेन्शन ॲट डेस्टिनेशन". आमच्या अकाउंटंटने हे पाहिलंच नव्हतं.

डीओ 8 ऑगस्टचा आहे, दोन्ही डब्यांचा एकच. व्हॅलिड 18 ऑगस्टपर्यंत.

अरायव्हल नोटिशीत फ्री दिवसांबद्दल काहीच नाही. ईआयआरवर 23 ऑगस्ट, सकाळी 9:15 आणि 9:40. बिलावर हरकतीसाठी 15 दिवस दिलेत.

आणि लाईनच्या वेबसाईटवरचं टॅरिफ आमच्या पोराने उघडून दिलं. फ्री दिवस 7, कॅलेंडर दिवस, आणि मोजणी "उतरल्याच्या दुसऱ्या दिवसापासून". डबे उतरल्याची वेळ लाईनच्या ट्रॅकिंगमध्ये 4 ऑगस्ट रात्री 23:40 आणि 23:55 दिसते.

पनवेलचा_चोपडेकर (10 सप्टेंबर, दुपारी 3:10)

आता हे नीट वाचा, कारण तुमचं जवळजवळ सगळं प्रकरण त्या डीओवर आहे.

लाईनचं बिल 11 तारखेपासून 23 पर्यंत 13 दिवस धरतं. म्हणजे त्यांनी 4 तारीख पहिला दिवस मानली आणि सात दिवस 10 ला संपवले. यात दोन चुका आहेत. पहिली, त्यांच्याच टॅरिफप्रमाणे मोजणी 5 तारखेपासून हवी. रात्री पावणेबाराला उतरलेल्या डब्याचा तो दिवस धरायचा नाही, असं ते स्वतःच लिहितात. (सगळ्या लाईन असं करत नाहीत. काही उतरल्या दिवसालाच पहिला मानतात, म्हणून दर वेळी त्याच लाईनचं टॅरिफ उघडून बघायचं.) दुसरी, सात नाही, चौदा. बीएलवर टाईप केलेलं वाक्य छापील टॅरिफपेक्षा वरचढ असतं, कारण ते याच मालासाठी खास ठरलेलं असतं.

आता डीओ. 5 तारखेपासून चौदा दिवस मोजा, बरोबर 18 येतात. 4 पासून मोजले असते तर 17 आले असते, आणि सात दिवस धरले असते तर 11. डीओ काढणाऱ्या टेबलवरच्या माणसाने चौदा दिवस धरले, तेही दुसऱ्या दिवसापासून. शिवाय तुम्ही डबे 12 ला नेले. लाईन खरंच सात दिवस मानत असती, तर 12 ला तुम्हाला जास्तीचे पैसे भरून डीओ वाढवून घ्यायला लावलं असतं. कुणी एक शब्द बोललं नाही. म्हणजे लाईनच्या इथल्या ऑफिसला चौदा दिवस माहीत होते. चूक बिलिंगची आहे. अशी चूक मी खूपदा बघतो. लोडिंगकडच्या ऑफिसने मंजूर केलेली सवलत इथल्या बिलिंगच्या सिस्टिममध्ये चढत नाही, आणि बिल आपोआप साध्या टॅरिफने निघतं.

आता तुमच्या अंगावर जे येतं तेही बघा. 18 ला फ्री संपले. 19 आणि 20, हे दोन दिवस तुमचे. ते मान्य करायचे, पहिल्याच मेलमध्ये. 21, 22, 23 हे यार्डाने परत पाठवल्याचे. पण ते तेव्हाच सुटतील जेव्हा तुम्ही 20 ला यार्डाच्या दारात होता हे कागदावर दाखवाल. ईआयआर फक्त डबा घेतल्यावर मिळते, परत पाठवलेल्या गाडीला काहीच मिळत नाही. त्या रात्रीचं काय आहे तुमच्याकडे?

धुळे_ट्रान्सपोर्ट (10 सप्टेंबर, संध्याकाळी 6:45)

काय व्हयनं ते ड्रायव्हरला विचारा भाऊ, त्याच्याजवळ काहीतरी नक्की असेल. आमच्या गाड्या याच रूटवर चालतात. यार्डावर नंबर लावायला टोकनची चिठ्ठी देतात, त्यावर गाडी नंबर आणि वेळ असते. ड्रायव्हर ती डॅशबोर्डवर टाकून देतो आणि पुढच्या फेरीला फेकतो. आम्ही आता मुनीमला सांगूनच ठेवलंय, गाडी परत पाठवली की त्याच जागी चिठ्ठी, गाडीची नंबर प्लेट आणि यार्डाची पाटी अशा एका फोटोत घे, आणि लगेच ग्रुपवर टाक. व्हॉट्सॲपला वेळ आपोआप पडते.

नाहीतर फास्टॅगचं स्टेटमेंट काढा. लळिंग, चांदवड, पिंपळगाव, घोटी, पडघा, प्रत्येक नाक्याची वेळ असते. 20 ला दुपारी पडघा ओलांडलं असेल तर संध्याकाळी गाडी यार्डावर होती हे कुणालाही पटेल.

पनवेलचा_चोपडेकर (10 सप्टेंबर, संध्याकाळी 7:20)

ट्रान्सपोर्टवाल्यांनी सांगितलेलं अगदी उपयोगाचं आहे. फक्त फास्टॅगने गाडी तिथवर आली एवढं ठरतं, यार्डाने नाकारलं हे ठरत नाही. लॉजिस्टिक्स डेटा बँकेवरही डबा नंबर टाकून बघा. डब्याला लागलेल्या टॅगवरून हालचाल दिसते, लाईनही ती नाकारत नाही. पण नाकारल्याचा खरा पुरावा म्हणजे त्याच रात्री लाईनला गेलेला मेल. तुमच्या सीएचएने, म्हणजे कस्टम ब्रोकरने, केला होता का?

चटईवाला_जळगाव (10 सप्टेंबर, रात्री 9:50)

सापडलं! एका ड्रायव्हरने चिठ्ठी जपून ठेवली होती. हाताएवढा पिवळा कागद, एका कोपऱ्याला ग्रीसचा डाग, पण "20/08 18:40" आणि गाडी नंबर स्वच्छ वाचता येतो. मागच्या बाजूला गेटवाल्याने पेनाने लिहिलंय, "जागा नाही, लाईनला विचारा." दुसऱ्या ड्रायव्हरची हरवली. पण आमच्या सीएचएच्या पोराने 20 लाच रात्री 7:05 ला लाईनच्या एम्प्टी डेस्कला मेल केलाय, त्यात दोन्ही डब्यांचे नंबर आहेत. उत्तर 22 ला सकाळी 11:30 ला, नवीन यार्डाच्या नावासकट.

रोहिणी_रावेर (11 सप्टेंबर, सकाळी 7:30)

मधेच बोलते, माफ करा. आमचं केळीचं पॅकहाऊस आहे. माझ्यावरही असंच बिल आलंय, रीफरचं, म्हणजे थंड डब्याचं. रिकामा रीफर घेऊन माल भरला, गेटवर न्यायच्या आदल्या दिवशी लाईनने जहाज चार दिवस पुढे ढकललं. डबा सीएफएसला प्लग लावून ठेवला. आता लाईन डिटेन्शन मागते आणि सीएफएस प्लगचे पैसे. माझ्याही बीएलवर चौदा दिवस लिहिलेले असतील का? बीएल तर माल चढल्यावर मिळालं.

पनवेलचा_चोपडेकर (11 सप्टेंबर, सकाळी 10:10)

ताई, बीएलवर असतात ते पोचल्यानंतरचे, म्हणजे तुमच्या आखातातल्या ग्राहकाचे दिवस. निर्यातीत मीटर रिकामा डबा यार्डातून उचलल्यापासून बंदरात गेट-इन होईपर्यंत चालतं. तिथे बीएलचा उपयोग नाही, तुमचं बुकिंग कन्फर्मेशन बघा. त्यात फ्री दिवस आणि गेट कट-ऑफ, म्हणजे डबा बंदरात न्यायची शेवटची वेळ, दोन्ही असतात. जहाज पुढे गेल्याचा प्रत्येक मेल तारीखवार लावा. मुद्दा एकच ठेवा, पहिल्या कट-ऑफच्या आधी डबा भरून तयार होता, गेट उघडलं नाही ते लाईनमुळे. डिटेन्शन बहुतेक वेळा यावर सुटतं. प्लगचे पैसे मात्र सीएफएसने वीज दिल्याचे आहेत, ते आधी भरावे लागतील आणि मग लाईनकडे मागता येतील. मिळतील याची खात्री मी देणार नाही.

हिशोबनीस_भुसावळ (11 सप्टेंबर, दुपारी 12:40)

चटईवाले, तुमचा माल 4 ते 12 सीएफएसमध्ये का होता? कस्टम्सने तपासणीला धरला असेल तर ते दिवसही सुटतात. कस्टम्सने अडवलेल्या डब्यावर डिटेन्शन घ्यायचंच नाही असा नियम आहे, मी वाचलंय.

पनवेलचा_चोपडेकर (11 सप्टेंबर, दुपारी 2:00)

नियम आहे, 2018 च्या सी कार्गो मॅनिफेस्टच्या नियमांत. पण पूर्ण वाचा. कस्टम्सने नोंदींची पडताळणी करायला माल अडवला आणि नोंदी बरोबर निघाल्या, तर त्या काळाचं डिटेन्शन लाईनने मागायचं नाही. साठ दिवसांनंतरचं मात्र मागता येतं. नेहमीची तपासणी, कागद उशिरा भरणं, ड्युटी उशिरा भरणं यात बसत नाही, आणि अडवल्याचा कस्टम्सचा कागद हातात नसेल तर लाईन ऐकत नाही. यांचा माल तर फ्री दिवसांतच बाहेर निघालाय. तो मुद्दा यांच्या पत्रात घालूच नका.

चटईवाले भाऊ, आता मेल. बिलिंग, इम्पोर्ट डेस्क आणि सेल्स तिघांना एकाच वेळी. विषयात बिल नंबर आणि "डिस्प्युट" हा शब्द. आत चारच गोष्टी: बीएलवरचं वाक्य आणि डीओची 18 तारीख, टॅरिफमधलं दुसऱ्या दिवसापासूनचं वाक्य, 20 ची चिठ्ठी आणि 7:05 चा मेल, आणि शेवटी तुमचा हिशोब. दोन डबे, 19 आणि 20, म्हणजे चार डबा-दिवस 60 डॉलरने 240 डॉलर. 88 ने 21,120, जीएसटी धरून 24,922. एवढे आजच भरा, पैसे भरल्याची पावती मेलला जोडा, आणि उरलेल्या रकमेची क्रेडिट नोट मागा. नुसतं "माफ करा" म्हणू नका. माफी मागितली की ते उपकार म्हणून वीस-पंचवीस टक्के सोडतात आणि बाकीचे घेतात. आपण बिल दुरुस्त करायला सांगतोय.

15 दिवस 16 तारखेला संपतात. आजच पाठवा.

चटईवाला_जळगाव (11 सप्टेंबर, संध्याकाळी 5:30)

पाठवला. चार जोडपत्रं. पैसेही भरले. 18 पर्यंत उत्तर आलं नाही तर पुढच्या डब्याचं काय?

पनवेलचा_चोपडेकर (11 सप्टेंबर, संध्याकाळी 6:15)

मग हिशोब करायचा. नवा डबा अडकला तर सीएफएसचं भाडं आणि नवं डिटेन्शन दोन्ही चढतं. तसं झालं तर उरलेली रक्कम "अंडर प्रोटेस्ट" असं पैसे भरण्याआधी मेलवर लिहून भरा आणि डीओ घ्या. हक्क जात नाही, पण पैसे परत यायला महिने लागतात हे धरून चला. आधी 15 ला सेल्सच्या माणसाला फोन करा. त्याला तुमचं पुढचं बुकिंग हवं असतं, बिलिंगला ते काही नसतं. पाठवणाऱ्यालाही त्याच्या बाजूच्या ऑफिसातून बुकिंग कन्फर्मेशन पाठवायला सांगा, त्यात चौदा दिवसांची मंजुरी असणारच.

चटईवाला_जळगाव (17 सप्टेंबर, रात्री 8:10)

मंडळी, उत्तर आलं. पाठवणाऱ्याने 15 ला मंजुरीचा मेल पाठवला आणि काल लाईनने नवा हिशोब दिला. चौदा दिवस मान्य, 5 पासूनची मोजणी मान्य, 21 आणि 22 सोडले. पण 23 धरला. म्हणणं असं की नवीन यार्ड 22 ला सकाळी 11:30 ला कळवलं होतं, त्याच दिवशी डबा आणता आला असता. म्हणून प्रत्येक डब्याचे 3 दिवस, दोन्हीचे 360 डॉलर, 37,382 रुपये. आम्ही 24,922 भरले आहेत, फरक 12,460 चा. बाकीची क्रेडिट नोट काढतो म्हणालेत, आणि पुढच्या डब्याचा डीओ अडवणार नाही असं मेलवर दिलंय.

धुळे_ट्रान्सपोर्ट (17 सप्टेंबर, रात्री 8:55)

22 ला दुपारी नवीन यार्डावर जायला काय लागतं, असं ऑफिसात बसून वाटतं. दोन दिवस रस्त्यावर उभे राहून ड्रायव्हर जेवायला-आंघोळीला गेलेला असतो, आणि त्या भागात दुपारनंतर रांग असते. रांगेचा पुरावा असेल तर लढा.

हिशोबनीस_भुसावळ (17 सप्टेंबर, रात्री 9:20)

बारा हजारांसाठी आता सोडून द्या. आणि क्रेडिट नोट हातात येईपर्यंत जुन्या बिलाचं पूर्ण इनपुट क्रेडिट घेऊ नका, नंतर उलटवावं लागेल.

पनवेलचा_चोपडेकर (17 सप्टेंबर, रात्री 10:05)

23 बद्दल त्यांचं म्हणणं अगदी चूक नाही. यार्ड कळवल्यानंतर डबा आणायला किती वेळ मिळायला हवा, हे टॅरिफमध्ये कुठेच लिहिलेलं नाही. मी तुमच्या जागी असतो तर एक प्रयत्न केला असता. 22 ला गाड्या नवीन यार्डावर किती वाजता लागल्या ते ड्रायव्हरला विचारा. दुपारी रांगेत लागून सकाळी आत गेल्या असतील, तर 23 ची 9:15 ची वेळ त्या रांगेची आहे आणि तो दिवस मागता येतो. 23 ला सकाळीच निघाल्या असतील तर 12,460 भरून मोकळे व्हा.

दोन ट्रेलरच्या दोन दिवसांच्या हॉल्टिंगचे पैसे मात्र लाईन देणार नाही, ते तुमच्या आणि ट्रान्सपोर्टरच्या मधलं आहे.

रोहिणी_रावेर (18 सप्टेंबर, सकाळी 7:15)

दादा, माझं बुकिंग कन्फर्मेशन सापडलं. कट-ऑफ तीनदा बदललाय, तिन्ही मेल आहेत. फ्री दिवसांची जागा कोरी आहे.

पनवेलचा_चोपडेकर (18 सप्टेंबर, सकाळी 9:30)

ताई, कोरी असेल तर टॅरिफचेच दिवस धरतील. तिन्ही मेल आणि डबा सीएफएसमध्ये आल्याची गेट-पावती इथे तारखांसह लिहा, एकत्र मोजू.

चटईवाला_जळगाव (18 सप्टेंबर, सकाळी 11:00)

ड्रायव्हरशी बोललो. 22 ला दुपारी साडेतीनला रांगेत लागला होता म्हणतो. फोटो नाही, पण नवीन यार्डाचं टोकन असेल, गाडीत शोधतोय. आजच्या डब्याचा डीओ मिळाला. पहिलं काम म्हणून त्यावरची व्हॅलिडिटी बीएलशी ताडून बघितली. बीएलवर चौदा दिवस, डीओवर अकराच. आत्ताच मेल टाकलाय.